दोन कॉइल समांतर असतील तर 'तार समजा' एवढ्यावर भागतं का?

सुप्रिया_ऐरोली
मुलगा बारावीत आहे, ठाण्यात स्टेशनजवळ एका क्लासला जातो. रविवारच्या टेस्टमधल्या एका गणितावर दोन दिवस अडून बसलाय. माझं शिक्षण बी.कॉम., त्यामुळे मला फार मदत करता येत नाही. इथे जाणती माणसं आहेत म्हणून विचारते.

सर्किट असं आहे. १२ व्होल्टची बॅटरी, तिच्यापुढे २ ओहमचा रेझिस्टर. तिथून दोन फाटे फुटतात. पहिल्या फाट्यात ३ ओहम आणि त्यापुढे १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. दुसऱ्या फाट्यात ४ ओहम आणि त्यापुढे दोन कॉइल एकमेकींना समांतर, एक ३ मिलिहेन्रीची आणि एक ६ मिलिहेन्रीची. दोन्ही फाटे परत बॅटरीला मिळतात. स्विच लावून बराच वेळ झालाय. बॅटरीतून प्रवाह किती, कपॅसिटरवर व्होल्टेज किती आणि प्रत्येक कॉइलमधून प्रवाह किती, असं विचारलंय.

क्लासमध्ये शिकवलंय की डीसी असेल आणि बराच वेळ गेला असेल तर कपॅसिटर काढून टाकायचा आणि कॉइलच्या जागी साधी तार काढायची. त्याने तसंच केलं. बॅटरीतला प्रवाह २ ॲम्पिअर आला, तो बरोबर निघाला. कपॅसिटरवर त्याने १२ व्होल्ट लिहिले, उत्तर ८ आहे. कॉइलमध्ये एक-एक ॲम्पिअर लिहिला, कारण दोन्ही जर तारच असतील तर प्रवाह अर्धा-अर्धा वाटला जाणार ना? उत्तरपत्रिकेत १.३३ आणि ०.६७ आहे. सरांना विचारलं तर म्हणाले, एवढा फॉर्म्युला पाठ कर, आणि पुढच्या गणिताकडे वळले. त्याला पाठ करायचं नाहीये, का ते समजून घ्यायचंय.

कळव्याचा_अभि
ताई, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कपॅसिटरचं आधी सांगतो, ते सोपं आहे. कपॅसिटर काढून टाकला म्हणजे त्या फाट्यातला प्रवाह शून्य झाला. प्रवाहच नाही म्हटल्यावर ३ ओहमवर व्होल्टेज पडत नाही. मग कपॅसिटरच्या दोन टोकांमध्ये तेच व्होल्टेज असणार जे फाट्यांच्या सांध्यावर आहे. बॅटरीतून २ ॲम्पिअर निघतात, ते २ ओहममधून जाताना ४ व्होल्ट खातात, उरले ८. मुलाची चूक एवढीच की 'कपॅसिटर बॅटरीएवढा चार्ज होतो' हे वाक्य त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. कपॅसिटर आणि बॅटरी यांच्यामध्ये प्रवाह वाहणारा रेझिस्टर नसेल तेव्हाच ते खरं असतं.

आता कॉइल. कॉइलचा अडथळा ωL असतो. ६ वालीचा अडथळा ३ वालीच्या दुप्पट. प्रवाह कमी अडथळ्याकडे जास्त जातो. म्हणून ३ वालीतून दुप्पट. २ ॲम्पिअरचे तीन भाग करा, दोन भाग ३ वालीला, एक भाग ६ वालीला. झालं १.३३ आणि ०.६७.

दिलीप_कोपरखैरणे
मला यात एक शंका आहे. आमच्या घरातला पंखा हळू फिरत होता, वायरमनने अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बदलला आणि पंखा पळायला लागला. कपॅसिटर काढून टाकला तरी चालतो असं इथे लिहिलंय, मग पंख्याला तो लागतोच कशाला? पंखा तर तासन् तास चालू असतो, म्हणजे 'बराच वेळ' केव्हाच होऊन गेला.

मास्तर_वाशी
दिलीपराव, आपल्या घरात येते ती एसी. तिथलं व्होल्टेज सेकंदाला ५० वेळा पूर्ण वर-खाली होतं, कधीच थांबत नाही. कपॅसिटर 'ओपन' धरायचा तो त्याच्यावरचं व्होल्टेज बदलायचं थांबलं म्हणून. तुमच्या पंख्यात ते कधीच थांबत नाही, त्यामुळे पंखा वर्षभर चालला तरी हा नियम तिथे लागू होणार नाही. अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५० हर्ट्झला जवळपास १,२७० ओहमसारखा वागतो आणि पंख्याच्या दुसऱ्या वाइंडिंगमधला प्रवाह पुढे सरकवतो. ताईंच्या गणितात बॅटरी आहे, म्हणून तिथे नियम चालतो.

अभि, कपॅसिटरचं तू चोख सांगितलंस. कॉइलचं उत्तर बरोबर आणलंस, पण कारण चुकलंय, आणि या मुलाला नेमकं कारणच हवंय. तू ωL म्हणालास. इथे बॅटरी आहे, ω शून्य. दोन्ही कॉइलचा अडथळा शून्य झाला. शून्याला शून्याने भागून दोनास एक हे प्रमाण तू कुठून आणलंस?

नियम मुळात येतो कुठून ते बघू या, म्हणजे तो कुठे संपतो तेही दिसेल. कॉइलवरचं व्होल्टेज L गुणिले प्रवाह बदलण्याचा वेग. प्रवाह स्थिरावला की वेग शून्य, म्हणून व्होल्टेज शून्य. 'कॉइलच्या जागी तार' याचा अर्थ एवढाच. त्यात प्रवाह किती ते नियम सांगत नाही, ते उरलेलं सर्किट सांगतं. एकच कॉइल असती तर ४ ओहममधून येणारे २ ॲम्पिअर तिच्यातूनच जाणार, प्रश्न मिटला. इथे दोन आहेत. पहिल्या कॉइलवर व्होल्टेज शून्य, दुसऱ्या कॉइलवर व्होल्टेज शून्य. पण त्या समांतर आहेत, म्हणजे हे एकच विधान दोनदा झालं. अज्ञात दोन, आणि हातात समीकरण एकच, बेरीज २. एक-एक लिहा, दीड-अर्धा लिहा, सगळं त्यात बसतं. मुलाने अर्धा-अर्धा केला तो त्याचा अंदाज, नियमाने तसं सांगितलेलं नाही.

दुसरं समीकरण शेवटच्या चित्रात सापडणार नाही. त्यासाठी स्विच लावल्यापासून काय घडलं ते बघायला हवं. दोन्ही कॉइलची टोकं एकत्र बांधलेली आहेत, म्हणून प्रत्येक क्षणी दोघींवर तेच व्होल्टेज. तेवढ्याच व्होल्टेजला ३ वालीचा प्रवाह ६ वालीच्या दुप्पट वेगाने वाढतो. सुरुवात दोघींची शून्यापासून. एक दुप्पट वेगाने वाढतेय, दुसरी एकपट, आणि दोघी एकाच क्षणी थांबतात. मग थांबताना पहिलीत दुप्पट असणारच.

सूत्रात लिहायचं तर

L1·i1 − L2·i2 = स्थिर

आणि ते स्थिर इथे शून्य, कारण सुरुवातीला दोन्ही प्रवाह शून्य होते. १.३३ ला ३ ने गुणा, ४ येतात. ०.६७ ला ६ ने गुणा, ४ येतात.

सुप्रिया_ऐरोली
सर, खूप आभार. मी त्याला वाचून दाखवलं. 'एकच विधान दोनदा' हे ऐकून तो एकदम उठून बसला. आता तोच लिहितोय.

नमस्कार सर, मी तन्मय. दुप्पट वेगाने वाढणं समजलं. पण तुम्ही 'सुरुवातीला शून्य होते म्हणून' म्हणालात. समजा ६ वाली कॉइल आधी जोडलेलीच नाही. फक्त ३ वाली आहे, तिच्यात २ ॲम्पिअर येऊन स्थिर झाले. मग दुसऱ्या स्विचने ६ वाली तिला समांतर जोडली. शेवटचं चित्र तर अगदी तेच दिसणार. मग उत्तर तेच का?

मास्तर_वाशी
तन्मय, शाब्बास. मी शिकवायचो तेव्हा हा प्रश्न मुलांना मी विचारायचो, इथे तू मला विचारलास.

उत्तर तेच नाही. ६ वाली जोडायच्या क्षणी ३ वालीत २ ॲम्पिअर स्थिर आहेत, म्हणजे तिच्यावर व्होल्टेज शून्य. आता ६ वाली जोडलीस, तिच्यावरही शून्यच. व्होल्टेज नाही तर तिच्यात प्रवाह सुरूच होणार नाही. ३ वालीत २ आणि ६ वालीत ०, तेही कायमचं. वरच्या सूत्रातलं स्थिर आता शून्य नाही, ३ गुणिले २ म्हणजे ६ आहे. सोडवून बघ, i2 शून्यच येतो.

म्हणजे कागदावरचं शेवटचं चित्र एकच, उत्तरं दोन. कॉइल पूर्णपणे आदर्श असतील आणि त्यांचंच एक बंद वर्तुळ होत असेल, तर आधी काय घडलं ते विचारल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही. बाकीच्या साध्या सर्किटमध्ये, जिथे प्रत्येक वर्तुळात कुठे ना कुठे रेझिस्टर आहे, तिथे जुना इतिहास पुसला जातो आणि तुमचा शॉर्टकट बिनधास्त चालतो.

वागळे_वाइंडिंगवाला
मास्तर, तुमचं वाचायला छान वाटलं पण मला पटलं नाही. माझं वागळे इस्टेटमध्ये वाइंडिंगचं छोटं दुकान आहे, बावीस वर्षं कॉइल गुंडाळतोय. समांतर कॉइलमध्ये डीसी सोडली तर प्रवाह तांब्याच्या तारेच्या रेझिस्टन्सप्रमाणे वाटला जातो. जाड तारेची कॉइल जास्त घेते. हेन्रीशी काही संबंध नाही. हे मी क्लँप मीटर लावून शंभर वेळा बघितलंय.

कळव्याचा_अभि
काका, मग क्लासची उत्तरपत्रिका चुकीची का? मास्तरांचं गणित तर बरोबर दिसतंय.

मास्तर, ωL चं मान्य. मी घाईत उत्तराकडून मागे कारण शोधलं होतं.

मास्तर_वाशी
अभि, दोघांचंही बरोबर आहे. तन्मयच्या गणितात कॉइल आदर्श आहेत, तारेचा रेझिस्टन्स शून्य. वागळे काकांच्या दुकानात तशी कॉइल मिळणार नाही. काका, तुमच्याकडे ३ आणि ६ मिलिहेन्रीच्या आसपास कॉइल असतील तर त्यांचा रेझिस्टन्स मोजून इथे टाकाल का? काय व्हायला हवं ते मी आधी लिहितो, मग तुम्ही जोडून बघा.

वागळे_वाइंडिंगवाला
आहेत. ३ वाली बारीक तारेची, हवेतली, १.२ ओहम. ६ वाली जाड तारेची, लोखंडी कोअरवर गुंडाळलेली, ०.४ ओहम. एलसीआर मीटरवर हेन्री थोडी इकडे-तिकडे आहे पण ३ आणि ६ धरायला हरकत नाही. माझ्या हिशोबाने ६ वाली जास्त घेणार, म्हणजे तुमच्या उत्तराच्या बरोबर उलट.

मास्तर_वाशी
हो, शेवटी उलटच. पण त्याआधी काय होतं ते बघण्यासारखं आहे.

१.२ आणि ०.४ समांतर म्हणजे ०.३ ओहम. सगळे मिळून २, ४ आणि ०.३, म्हणजे ६.३. बॅटरीतून १.९ ॲम्पिअर. त्याचे चार भाग, तीन जाड तारेला, एक बारीक तारेला. ६ वालीत १.४३ आणि ३ वालीत ०.४८. हे काकांचं उत्तर, आणि आता कॉइलच्या वर्तुळात रेझिस्टन्स असल्यामुळे शॉर्टकटनेही हेच येतं. फक्त कॉइलच्या जागी निव्वळ तार काढायची नाही, तिचा रेझिस्टन्स ठेवायचा.

पण हे व्हायला किती वेळ लागतो? इथे दोन घड्याळं चालू आहेत. पहिलं घड्याळ बॅटरीतून प्रवाह वाढण्याचं. ३ आणि ६ समांतर म्हणजे २ मिलिहेन्री, भागिले ६.३ ओहम, साधारण ०.३ मिलिसेकंद. दुसरं घड्याळ दोन कॉइलनी आपसात वाटणी बदलण्याचं. तो प्रवाह फक्त त्या दोघींच्या वर्तुळात फिरतो, म्हणून तिथे ३ अधिक ६ म्हणजे ९ मिलिहेन्री आणि १.२ अधिक ०.४ म्हणजे १.६ ओहम. भागाकार ५.६ मिलिसेकंद. पहिल्यापेक्षा जवळजवळ अठरा पट सावकाश.

म्हणजे पहिल्या मिलिसेकंदभरात कॉइल हेन्रीप्रमाणेच वाटणी करणार, ३ वाली पुढे. माझ्या हिशोबाने ती सव्वा मिलिसेकंदाच्या आसपास १.१ ॲम्पिअरपर्यंत चढेल. मग रेझिस्टन्स आपलं म्हणणं मांडायला लागेल आणि तिचा प्रवाह हळूहळू ०.४८ पर्यंत उतरेल, पंचवीस-तीस मिलिसेकंद लागतील. क्लँप मीटरचा आकडा स्थिर होईपर्यंत हे सगळं होऊन गेलेलं असतं, म्हणून काकांना ते कधी दिसलं नाही. कॉइलचा रेझिस्टन्स जितका कमी, तितकं दुसरं घड्याळ सावकाश. अगदी शून्य केला तर ते थांबतंच, आणि उत्तरपत्रिकेतले १.३३ आणि ०.६७ कायम राहतात.

सुप्रिया_ऐरोली
तन्मय विचारतोय की कपॅसिटरचं घड्याळ कुठलं? आणि काका खरंच जोडून बघणार आहेत का, तर तो शनिवारी दुकानात येऊ शकतो का?

मास्तर_वाशी
कपॅसिटरचं सगळ्यात घाईचं. १० मायक्रोफॅरड, आणि त्याच्या वाटेत ३ आणि २ मिळून पाच ओहम, म्हणजे ५० मायक्रोसेकंदांच्या आसपास. कॉइल पुरत्या जाग्या व्हायच्या आत तो बराचसा भरलेला असतो, मग सांध्याच्या व्होल्टेजमागे सरकत शेवटच्या आकड्यावर येतो. काकांच्या खऱ्या कॉइल घेतल्या तर तो आकडा ८ च्या जरा वर, ८.२ च्या आसपास जाईल, कारण प्रवाह २ पेक्षा कमी आहे.

वागळे_वाइंडिंगवाला
ताई, पाठवा की. शनिवारी दुपारी चारनंतर गर्दी नसते. बाळ, येताना बंद बूट घालून ये, चप्पल नको.

एक आधीच सांगून ठेवतो. ४ ओहमला २ ॲम्पिअर म्हणजे १६ वॉट. क्वार्टर वॉटचा रेझिस्टर लावलास तर क्षणात धूर. मी २५ वॉटचा सिमेंटचा लावणार आहे, आणि तोही हात भाजेल एवढा तापतो.

कळव्याचा_अभि
काका, कॉइलमधला प्रवाह मल्टिमीटरने मोजू नका. मीटर आणि त्याच्या लीड्स मिळून ०.१ ओहमच्या वर सहज जातात. ०.४ वाल्या कॉइलला ते जोडलं की वाटणीच बदलेल, आणि मग जे मोजायचंय तेच उरणार नाही.

वागळे_वाइंडिंगवाला
बरोबर बोललास पोरा. म्हणूनच क्लँप वापरतो, तार कापावी लागत नाही. डीसीवाला हवा मात्र, साधा क्लँप डीसीला शून्य दाखवतो. शेजारच्या गाळ्यात स्कोपला लागणारा करंट प्रोब आहे, तो मागून आणतो.

(शनिवार रात्री)

वागळे_वाइंडिंगवाला
केलं. पोरगा आला होता, हुशार आहे. क्लँपवर ३ वालीत ०.५ आणि ६ वालीत १.४. म्हणजे माझं बरोबर.

मग प्रोब ३ वालीवर लावला, स्कोप एकदाच टिपून थांबेल असा ठेवला आणि स्विच दाबला. मास्तर, उंचवटा आला. आधी सरळ वर, १ ॲम्पिअरच्या थोडं पुढे, आणि तिथून उतरत उतरत अर्ध्यावर. बावीस वर्षं या कॉइल हातात आहेत आणि हे पहिल्यांदा बघितलं. तुमचंही बरोबर.

पहिल्या दोन वेळा चित्र घाण आलं, स्विचचे कॉन्टॅक्ट लागताना उड्या मारतात म्हणून. मग मॉस्फेटने चालू केलं तेव्हा स्वच्छ आलं. बंद करताना कॉइलवर डायोड उलटा टाकला होता, नाहीतर मॉस्फेट गेला असता.

सुप्रिया_ऐरोली
काका, तुमचे आभार कसे मानू. घरी आल्यापासून तो कागदावर तो उंचवटा काढतोय. त्याचा अजून एक प्रश्न आहे, तोच लिहितोय.

सर, परीक्षेत एका कॉइलचा रेझिस्टन्स दिला आणि दुसरीचा दिलाच नाही तर? समजा ६ वालीला ०.४ ओहम दिलाय आणि ३ वालीबद्दल काहीच नाही.

मास्तर_वाशी
मग ३ वाली आदर्श धरायची, आणि शेवटी सगळे २ ॲम्पिअर तिच्यातून. कारण असं की स्थिर झाल्यावर आदर्श कॉइलवर व्होल्टेज शून्य, समांतर म्हणून ६ वालीवरही शून्य, आणि तिच्यात ०.४ ओहम असल्यामुळे तिचा प्रवाहही शून्य. इथे दुसरं समीकरण आपोआप मिळालं, इतिहास लागला नाही. वर्तुळात कुठेही एक रेझिस्टन्स असला तरी पुरतो. फक्त इथे घड्याळ ९ मिलिहेन्री भागिले ०.४, म्हणजे साडेबावीस मिलिसेकंद.

कळव्याचा_अभि
मास्तर, यावर थोडा वाद घालतो. प्रश्नात 'आदर्श' हा शब्दच नसेल आणि दोघींचाही रेझिस्टन्स दिला नसेल, तर हेन्रीप्रमाणे वाटणी लिहायला लावणं योग्य आहे का? खऱ्या कॉइलला 'बराच वेळ' दिला तर ते उत्तर कधीच येत नाही. काकांनी आत्ताच मोजून दाखवलं.

मास्तर_वाशी
परीक्षेत न दिलेला रेझिस्टन्स शून्य धरायचा असा संकेत आहे, म्हणून मी १.३३ ला पूर्ण गुण देईन. पण प्रश्न काढणाऱ्याने 'आदर्श' लिहायला हवं होतं, आणि सुरुवातीला प्रवाह शून्य होते हेही. तन्मयच्या दुसऱ्या स्विचनंतर तर नक्कीच.

कळव्याचा_अभि
मला अजून वाटतं की असा प्रश्न रद्द व्हायला हवा. असो.

वागळे_वाइंडिंगवाला
एक सांगतो, कपॅसिटरवाल्यांचंही अगदी असंच असतं. तीन फेजच्या ड्राइव्हमध्ये ४१५ व्होल्ट रेक्टिफाय केले की ५८७ च्या आसपास डीसी होते, म्हणून ४०० व्होल्टचे दोन कपॅसिटर एकापुढे एक लावतात. चालू करताना वाटणी मायक्रोफॅरडप्रमाणे, आणि बराच वेळ गेला की आतल्या गळतीप्रमाणे. ज्याची गळती कमी त्याच्यावर जास्त व्होल्टेज चढतं आणि तो फुगतो. म्हणून प्रत्येकाला समांतर एक रेझिस्टर असतो, गळतीपेक्षा बराच जास्त प्रवाह नेणारा, म्हणजे वाटणी तो ठरवतो. दुरुस्तीला आलेल्या ड्राइव्हमध्ये एकच कपॅसिटर फुगलेला दिसला की मी आधी तो रेझिस्टर तपासतो. बहुतेक वेळा एक तुटलेला सापडतो.

मास्तर_वाशी
काका, हेच मी वर्गात सांगायला हवं होतं. दोन कपॅसिटरच्या मधला सांधा दोन्हीकडून ओपन झाला की त्याचं व्होल्टेज शॉर्टकटने निघतच नाही. समांतर आदर्श कॉइलचीच ती दुसरी बाजू.

सुप्रिया_ऐरोली
तन्मय: काका, शनिवारी आपण दोन्ही कॉइल टेबलावर लांब लांब ठेवल्या होत्या. हवेतली कॉइल लोखंडी कोअरच्या अगदी जवळ आणली तर उंचवटा बदलेल का?

वागळे_वाइंडिंगवाला
शेवटचा आकडा बदलणार नाही, तो तांब्यावर आहे. उंचवटा बदलायला हवा, पण वाढेल की कमी होईल ते मला आत्ता सांगता येत नाही. कोणती कॉइल कुठल्या दिशेने गुंडाळलीय त्यावरही असणार. कॉइल अजून टेबलावर तशाच आहेत, प्रोब सोमवारी परत द्यायचाय. उद्या सकाळी येतोस का?